असतो मा सद्गमय आणि अक्काचं पहिलं वाक्य

माझी अक्का धारवाडच्या एका कॉलेजात संस्कृत शिकवायची. मी वकील. आमच्या वडलांना अभिमान होता की आपल्या दोन्ही मुली तोंडाच्या जोरावर जगतात. त्यातही अक्काचं बोलणं वेगळंच. मी कोर्टात बोलते ते समोरच्याला अडवण्यासाठी. ती बोलायची ते समोरच्याला आत घेण्यासाठी. निवृत्त झाल्यावरही तिच्या घरी सकाळ-संध्याकाळ कुणी ना कुणी काहीतरी विचारायला बसलेलं असायचं. लग्न तिनं केलं नाही. एकटी राहायची, एकटी बाजारात जायची, पाण्याची मोटर बिघडली तर प्लंबरशी एकटीच भांडायची. कुणाकडे काही मागणं तिच्या स्वभावातच नव्हतं. हुबळीला माझ्याकडे आली तरी आपला टॉवेल आणि साबण पिशवीतून आणायची. मी चिडले की म्हणायची, "अगं, सवय आहे ती माझी, राहू दे की."

एका सकाळी तिचा फोन आला. मी केस विंचरत होते. फोन कानाला लावला तर पलीकडून नुसता "त… त… त…" असा आवाज. मला वाटलं रेंज नाही. मी म्हटलं, "अक्का, गच्चीवर जा, ऐकू येत नाही." तरी तेच, "त… त…" आणि मग एक हुंदका. अक्काला रडताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

शेजाऱ्यांनी तिला गाडीत घातलं, आम्ही केशवापूरच्या आमच्या घरून निघालो, हुबळीतल्याच हॉस्पिटलात गाठ पडली. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. उजवा हात आणि पाय लुळे पडले होते. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, हातपाय बऱ्यापैकी सुधारतील. मग जरा थांबून म्हणाले, "बोलण्याचं मात्र आत्ता सांगता येत नाही. त्यांना कळतंय सगळं. शब्द आत आहेत, बाहेर काढण्याची वाट बंद झाली आहे."

तिला सगळं कळत होतं, हेच मला सहन होत नव्हतं. नर्सनं विचारलं, "ऊटा आतेन्री?" जेवण झालं का, एवढंच. अक्कानं तोंड उघडलं, ओठ हलवले, कपाळावर घाम आला, आणि बाहेर पडलं ते "त… त…" मग तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मराठीही नाही, कन्नडही नाही. जन्मभर या दोन्ही भाषांत एका वाक्यातून दुसऱ्या वाक्यात सहज उड्या मारणारी बाई.

मी तिला घरी आणलं. आमच्या पुढच्या खोलीत, जिथे माझी अशिलं बसायची, तिथे तिचा पलंग टाकला. अशिलांना मी जेवणाच्या टेबलाशी बसवायला लागले.

वाचा-उपचार करणाऱ्या मॅडम घरी यायच्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या, बोलायच्या कन्नड, उणकलहून स्कूटरवर यायच्या. आल्या की आधी अक्काला वाकून नमस्कार करायच्या आणि तिला 'टीचर' म्हणायच्या. पहिले काही दिवस त्यांनी चित्रं दाखवली. कप, किल्ली, गाय. अक्का किल्लीकडे बघायची, किल्ली फिरवल्याची खूण डाव्या हातानं करायची, म्हणजे वस्तू कळली होती, पण नाव यायचं नाही. तिच्यासारख्या बाईला गायीचं चित्र दाखवून "हे काय?" विचारायचं! मी आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे.

एके दिवशी मॅडमनी चित्रं बाजूला ठेवली. मला म्हणाल्या, "यांना लहानपणापासून पाठ असलेलं काहीतरी सांगा. गाणं, श्लोक, पाढे, काहीही. कधी कधी असं होतं की बोलायचे शब्द सापडत नाहीत, पण पाठ केलेलं अख्खंच्या अख्खं बाहेर येतं. चाल असेल तर आणखी सोपं जातं. जुळवून बोलायचं काम मेंदूत एका ठिकाणी चालतं, चाल दुसरीकडे सांभाळली जाते."

अक्काला काय पाठ नव्हतं? पण नेमकं काय सांगावं ते मला सुचेना. सुचली ती शाळेतली प्रार्थना. आम्ही दोघी एकाच शाळेत होतो, रोज सकाळी रांगेत उभं राहून म्हणायचो. मी मॅडमना ती चालीवर म्हणून दाखवली. त्याही हसल्या, "ही तर आमच्या शाळेतही होती." मग त्या अक्काच्या डाव्या बाजूला बसल्या, तिचा डावा हात हातात घेतला, मांडीवर हलकेच ठेका धरला आणि सुरू केलं, "असतो मा…"

अक्का त्यांच्या तोंडाकडे बघत होती. दुसऱ्या वेळी तिचे ओठ हलायला लागले. तिसऱ्या वेळी मॅडम "असतो मा" म्हणून थांबल्या, आणि अक्काच्या तोंडून स्वच्छ, जोडाक्षरासकट बाहेर आलं, "सद्गमय."

मी उभीच राहिले.

"तमसो मा…"

"ज्योतिर्गमय."

"मृत्योर्मा…"

"अमृतं गमय!"

मॅडमनी डोळे पुसले आणि लगेच व्यवहाराला लागल्या. शेवट पुरा करायचा म्हणून त्यांनी सुरू केलं, "ॐ शांतिः…" तर अक्कानं हात सोडवून घेतला. मान जोरजोरानं हलवली. नाही, नाही. आम्हाला वाटलं, थकली. पण ती थकली नव्हती, रागावली होती. तिनं डावा हात वर केला, जशी वर्गात गप्प बसवायची तशी आम्हाला गप्प बसवली, डोळे मिटले आणि एका दमात म्हणाली, "स यदाह असतो मा सद्गमयेति मृत्युर्वा असत् सदमृतं…" आणि पुढे, आणखी पुढे, न अडखळता, एखादं रीळ सुटावं तसं. शेवटी "नात्र तिरोहितमिवास्ति" म्हणून थांबली, डोळे उघडले, आणि आम्हा दोघींकडे बघून हसली. आजारपणात पहिल्यांदा.

मॅडम मला म्हणाल्या, "हे काय होतं?"

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं ती प्रार्थना म्हटली, पण ती कुठली, तिच्यापुढे काय आहे, हे मी कधी विचारलं नव्हतं. कोर्टात समोरच्या वकिलानं एखादं वाक्य फेकलं की मी लगेच विचारते, कलम कुठलं, पोटकलम कुठलं, संदर्भ दाखवा. आणि रोज तोंडात असलेल्या या तीन ओळींचा संदर्भ मी एकदाही मागितला नाही. मी अक्काला विचारलं, "अक्का, हे कुठलं गं?" तिनं सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा "त… त…" पाठ केलेलं येत होतं, पण त्यातला एक शब्द वेगळा काढून सांगायचा म्हटला की वाट बंद.

तेव्हा मी शोधायचं ठरवलं. रविवारी धारवाडला तिच्या घरी गेले, तिच्या कपाटातली उपनिषदं खाली काढली. आधी लहान-लहान बघितली, ईश, केन, कठ. कुठेच नाही. मग सगळ्यांत जाड होतं ते घेतलं, बृहदारण्यक. शुक्ल यजुर्वेदाच्या शतपथ ब्राह्मणाच्या शेवटी येणारं. आणि तिथे पहिल्याच अध्यायात, तिसऱ्या ब्राह्मणात, अठ्ठाविसाव्या मंत्रात त्या तीन ओळी सापडल्या. तिथे 'ब्राह्मण' म्हणजे प्रकरणाचा भाग, हेही मला तेव्हाच कळलं. खाली 'ॐ शांतिः' नव्हतं. ते आपण शाळेत मागाहून जोडलेलं. ओळींच्या पुढे होतं ते अक्कानं म्हटलेलंच, शब्द न् शब्द.

मराठी अर्थ बरोबर छापला होता. मी तो तिथेच उभ्या उभ्या वाचला, मग खाली बसून वाचला, मग त्या ब्राह्मणाच्या पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचला. पुस्तक घेऊन हुबळीला आले आणि जेवण झाल्यावर अक्काच्या पलंगाशी खुर्ची ओढली.

"अक्का, तुझी प्रार्थना सापडली. वाचू?"

तिनं मान डोलावली, हो.

मी वाचून दाखवलं. देव आणि असुर यांची चढाओढ लागली. देव संख्येनं थोडे. त्यांनी ठरवलं की यज्ञात उद्गीथ, म्हणजे सामगानाचा मुख्य भाग, गाऊन असुरांवर मात करायची. त्यांनी पहिल्यांदा सांगितलं ते वाणीला, तू आमच्यासाठी गा. वाणी गायली. असुरांनी ओळखलं की ही गायली तर आपण हरणार, म्हणून ते तिच्यावर धावून गेले आणि तिला पापानं विंधलं. म्हणून वाणीतून नको ते निघतं.

मी वाचता वाचता थांबले. सगळ्यांत आधी घाव पडला तो वाणीवर. मी अक्काकडे बघितलं. तिनं डाव्या हाताचं बोट आपल्या ओठांवर ठेवलं, मग माझ्याकडे रोखलं. वाच.

मग नाकातला प्राण गायला, मग डोळा, कान, मन. एकेकाला असुरांनी विंधलं. शेवटी देव तोंडातल्या मुख्य प्राणाकडे गेले. तो गायला. असुर त्याच्यावरही धावले, पण दगडावर आपटलेलं मातीचं ढेकूळ फुटावं तसे फुटून गेले. आणि मग त्या प्राणानं एकेकाला मृत्यूच्या पलीकडे नेलं. सगळ्यांत आधी नेलं ते वाणीलाच. मृत्यूतून सुटलेली वाणी अग्नी झाली. डोळा सूर्य झाला, मन चंद्र झालं, ते सगळं नंतर.

"पहिली पडली ती पहिली पार झाली," मी म्हटलं. "अक्का, हे तुला ठाऊक होतं?"

तिनं "एवढं वय झालं तरी तुला आत्ता कळतंय का" अशा नजरेनं माझ्याकडे बघितलं. ती नजर परत आली याचाच मला केवढा आनंद झाला.

मग मी प्रार्थनेवर आले. सोमयागात पवमान नावाची स्तोत्रं गातात. गाणारे वेगळे असतात. त्यांतला प्रस्तोता नावाचा गायक साम गायला सुरुवात करतो, त्या क्षणी यज्ञ करणाऱ्यानं या तीन ओळींचा जप करायचा. याला नाव आहे अभ्यारोह, वर चढणं. म्हणजे गाणं दुसऱ्यांचं चालू आहे, आणि ज्याला पलीकडे जायचं आहे तो हळूच, स्वतःशी, मागणं मागतो आहे. मोठ्यानं म्हणायचं ते नव्हतंच. आम्ही शाळेत घसा फोडून म्हणायचो!

अक्काच्या पुढच्या ओळींचा अर्थही तिथेच होता. उपनिषद स्वतःच सांगतं की तिन्ही मागण्यांचं मागणं एकच आहे. 'असतो मा सद्गमय' म्हटलं की मृत्यू म्हणजे असत्, अमृत म्हणजे सत्. मला मृत्यूतून अमृताकडे ने, मला अमर कर, असंच तो म्हणतो. 'तमसो मा ज्योतिर्गमय' म्हटलं की मृत्यू म्हणजेच तम, अमृत म्हणजेच ज्योती. मागणं पुन्हा तेच. आणि तिसरी ओळ, 'मृत्योर्मामृतं गमय', तिच्याबद्दल एवढंच म्हटलं आहे, "नात्र तिरोहितमिवास्ति." इथे झाकलेलं काही नाही. जे मागायचं ते सरळ मागितलं आहे. या वाक्यावर अक्का त्या दिवशी हसली होती. आत्ताही हसली.

शब्दांची फोड मी तळटीपेतून वाचली. असतः म्हणजे असत् पासून, पुढे म आल्यामुळे 'असतो' झालं. 'गमय' म्हणजे 'जा' नव्हे. जायला लाव, घेऊन जा, ने. आणि 'मा'?

"मा म्हणजे काय, अक्का?" मी पुस्तक मिटून विचारलं. उगीच विचारलं. सवयीनं विचारलं.

अक्कानं श्वास घेतला. डावा हात छातीवर ठेवला. ओठ मिटले, उघडले. मॅडमनी मला शिकवलं होतं, वाट बघा, शब्द तुम्ही पुरवू नका.

"म… म…ला," अक्का म्हणाली.

बरोबर होतं. माम्, मला. 'नको' असा अर्थ असलेला एक 'मा' संस्कृतात आहे, पण इथला तो नव्हे. तळटीपेत नेमकं हेच होतं. अक्कानं तळटीप न बघता सांगितलं होतं. पण मला त्या अर्थाशी काही देणंघेणं नव्हतं. ती पाठ केलेलं म्हणाली नव्हती. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत होती.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या तेव्हा मी दारातच सगळं सांगितलं. ती ओळ मी त्यांना तोडून दाखवली: असतो, अमक्यापासून; मा, मला; सत्, तमक्याकडे; गमय, ने. त्या दारातच उभ्या राहून बोटांवर मोजायला लागल्या. म्हणाल्या, "अहो, हे तर वाक्य आहे! रोज लागणारं वाक्य. मराठीत शब्द याच क्रमानं येतात?"

"हो. कन्नडमध्येही येतील की."

"मग आपण चाल तीच ठेवू आणि शब्द बदलू."

झालं. त्यांनी अक्काचा डावा हात धरला, ठेका दिला, आणि त्याच चालीवर मला म्हणायला लावलं, "खोलीतून मला बाहेर ने." माझा आवाज भसाडा, पण अक्कानं तक्रार केली नाही. आधी आम्ही तिघींनी मूळ ओळ म्हटली, लगेच त्याच सुरात ही. मूळ ओळ, मग ही. मग मॅडम "खोलीतून" म्हणून थांबल्या.

"म…ला," अक्का म्हणाली. पुढचं येईना.

त्या दिवशी एवढंच झालं. दुसऱ्या दिवशीही एवढंच. मग दोन शब्द व्हायला लागले, मग एक दिवस पुन्हा काहीच नाही, अक्कानं उशी फेकून दिली. मॅडम म्हणाल्या, "टीचर, राग आला तरी चालेल, फक्त चालीवर या." अक्का रागातही हसली.

ते वाक्य आलं ते मॅडम नसताना. शनिवारची संध्याकाळ होती. मी जेवणाच्या टेबलाशी एका जमिनीच्या दाव्याचे कागद लावत बसले होते. समोर दोन अशिलं होती, सख्खे भाऊ, आपसांत भांडत होते. पुढच्या खोलीतून चालीवर आवाज आला. हळू, एकेक शब्द वेगवेगळा.

"खोलीतून… मला… बाहेर… ने."

भाऊ गप्प झाले. मी खुर्ची मागे सारली ती पडली. आत गेले तर अक्का पलंगाच्या काठावर पाय सोडून बसली होती, चेहरा लालबुंद, डावा हात अजून मांडीवर ठेका धरत होता. माझ्याकडे बघून ती आणखी एकदा म्हणाली, या वेळी चाल जवळजवळ नव्हतीच, "बाहेर ने की!"

हा "की" आम्ही तिला शिकवला नव्हता. तो तिचा स्वतःचा.

मी तिला धरून उठवलं. थोरल्या भावानं पुढे होऊन दुसरी बाजू धरली, धाकट्यानं दार उघडलं. आम्ही चौघं रस्त्यावर आलो. केशवापूरचा तो नेहमीचा रस्ता, रिक्षा, सिटीबस, कोपऱ्यावर मिरचीभज्यांचा घाणा. अक्का फाटकाला धरून उभी राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत राहिली, जणू सगळे तिलाच भेटायला आले होते. मला रडू फुटलं. भाऊ अवघडले. अक्का म्हणाली, "ने… भजी… कडे." आणि आम्ही गेलो.

मी त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या विचार करत होते. आयुष्यभर जिनं कुणाला "मला ने" म्हटलं नाही, तिचं पहिलं वाक्य हे होतं. आणि ती ते म्हणाली तेव्हा तिचा चेहरा पडलेला नव्हता. सकाळी मी तिला हे विचारलंच. "अक्का, मागायला तुला आवडत नाही ना? मग कसं वाटलं?"

तिला शब्द जुळवायला वेळ लागला. म्हणाली, "गमय… णिच्." संस्कृतातला, करायला लावण्याचा प्रत्यय. आणि मी बघत राहिले तेव्हा, "प्रयो…जक. 'मी जातो'… नाही. 'मला ने.' ऋषीसुद्धा… ने म्हणतो. मी… कोण?"

निम्मं व्याकरण, निम्मा टोमणा. माझी अक्का परत आली होती.

त्यानंतर भराभर झालं असं म्हणणार नाही, पण होत गेलं. स्वयंपाकघरातून मला चहा दे. कपाटातून मला पुस्तक दे. धारवाडातून मला माझ्या साड्या आण. चाल हळूहळू गळून गेली, ठेकाही गेला. बोलताना मध्ये मध्ये शब्द अडायचा, तो अजूनही अडतो. काठी घेऊन ती चालायला लागली. मराठी आधी परतली, कन्नड मागून आली, आणि मॅडम म्हणाल्या की दोन्ही एकमेकींना ओढत आणताहेत.

त्याच सुमारास अळणावरच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला. त्या अक्काच्या जुन्या विद्यार्थिनी, तिथल्याच एका खेड्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. त्यांना अक्काच्या आजाराचं काही कळलेलं नव्हतं. शाळेत कार्यक्रम आहे, मुलं रोज 'असतो मा' म्हणतात पण अर्थ विचारला की गप्प बसतात, टीचरनी येऊन सांगावं. फोन मी घेतला होता. मी कसंबसं म्हणाले, "अहो, तिची तब्येत…" तोवर अक्कानं डावा हात पुढे केला. फोन घेतला. म्हणाली, "येते."

"अक्का, स्टेजवर उभं राहून बोलायचं आहे," मी म्हटलं. "मी लिहून देते, तू नुसतं वाच."

"वकिली… नको," ती म्हणाली.

आम्ही गाडीनं गेलो. धारवाड सोडलं की रान दाट होत जातं. अक्का खिडकीची काच खाली करून बसली होती आणि मी मागच्या सीटवर तिच्यापेक्षा जास्त घाबरले होते. शाळेच्या पत्र्याच्या मंडपात मुलं खाली बसली होती. घरात मराठी बोलणारी बरीच, शाळेत सगळी कन्नड. त्यांनी उभं राहून प्रार्थना म्हटली, अगदी घसा फोडून. मग मुख्याध्यापिकांनी अक्काला माइकपाशी नेलं. त्यांना आता दिसलं होतं, काठी, वाकडा हात. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान खाली घातली.

अक्का उभी राहिली. कन्नडमध्ये सुरू केलं. "तुम्ही म्हटलं… ते… चांगलं…" आणि शब्द अडला. मी उठायला लागले.

"म्हटलं!" पुढच्या रांगेतल्या मुली ओरडल्या.

अक्कानं चमकून त्यांच्याकडे बघितलं. मला कळायला एक क्षण लागला. तिला आधी कळलं. मुलांना वाटलं होतं की टीचर मुद्दाम थांबताहेत, गाळलेली जागा आपण भरायची आहे. सगळ्या शिक्षिका असंच तर करतात.

अक्काचा चेहरा उजळला. तिथून पुढे ती थांबली की मुलं धावून यायची.

"ही प्रार्थना… एका मोठ्या पुस्तकातली. बृहत्… म्हणजे मोठं. आणि आरण्य… म्हणजे…?"

"अरण्य! काडु!" अख्खा मंडप. रान म्हणजे काय हे त्यांना कोण सांगणार!

"बृहत् आणि आरण्यक. काय झालं?"

"बृहदारण्यक!"

"पहिला अध्याय. तिसरं… ब्राह्मण." तिनं तीन बोटं वर केली. "असतो… खोट्यातून. टिकत नाही… त्यातून. सत्… म्हणजे?"

"सत्य!"

"तमसो… कत्तले. अंधारातून. ज्योती… म्हणजे?"

"बेळकु!" उजेड.

"मृत्यो…?"

"सावु!" मरण. एवढी लहान मुलं, पण मोठ्यानं म्हणाली, न घाबरता.

एक मुलगी उभी राहिली. "टीचर, मा म्हणजे अम्मा काय?"

मंडप हसला. अक्का हसली नाही. काठी तिनं मुख्याध्यापिकांच्या हातात दिली, डावा हात छातीवर ठेवला. "मा म्हणजे… नन्नन्नु. मला. मला ने. प्रत्येक ओळीत… मा आहे. तीन वेळा… मला, मला, मला. आणि तिन्ही वेळा मागणं… किती?"

"तीन!" मुलं.

"एक!" अक्का म्हणाली. आणि मग मृत्यू म्हणजेच असत्, मृत्यू म्हणजेच अंधार, आणि तिसऱ्या ओळीत काही लपवलेलं नाही, हे सगळं तिनं सांगितलं. निम्मं तिनं, निम्मं मुलांनी. व्याख्यान कुणाचं होतं ते सांगता येणार नाही. मला आठवतं ते एवढंच की वकील म्हणून मी कितीतरी भाषणं ऐकली आहेत, पण संपू नये असं वाटलेलं ते एकच. टाळ्या थांबेनात तेव्हा मुख्याध्यापिका माइक न घेता रडत उभ्या होत्या, आणि अक्का त्यांना सांगत होती, "पुढच्या वेळी… हळू म्हणायला शिकव. ओरडतात फार."

आता ती दर शनिवारी त्या मुलांना शिकवायला अळणावरला जाते. गाडी नको म्हणते. धारवाडपर्यंत मी सोडते, पुढे बस. पहिल्या शनिवारी मला राहवलं नाही, मीही तिच्याबरोबर चढले. बायकांसाठी राखलेल्या जागेवर एक तरणाबांड माणूस पाय पसरून बसला होता. मी काही म्हणायच्या आत अक्कानं काठी आपटली आणि धारवाडी कन्नडमध्ये त्याला सुनावलं, ते मधे एकदाही न अडता. बस हसायला लागली. माणूस उठला. अक्का खिडकीशी बसली, पदर सारखा केला आणि कंडक्टरला म्हणाली, "दोन, अळणावर."